माशा, माशेंका आणि माश्का : रशियन लडिवाळ नावांचा प्रौढ उपयोग

रशियन कादंबऱ्या भाषांतरातून वाचणाऱ्या मराठी वाचकाची पहिली तक्रार बहुधा अशी असते की, पात्रे मोजकी असली तरी त्यांची नावे संपता संपत नाहीत. दस्तयेव्हस्कीच्या ‘करमाझव बंधूं’मध्ये ज्याची ओळख दिमित्री म्हणून करून दिलेली असते, तोच पुढच्या पृष्ठावर मित्या होतो, कुणाच्या तोंडी मितेंका, कुणाच्या तोंडी मित्का, आणि परक्या माणसाशी गाठ पडताच पुन्हा सन्मानपूर्वक दिमित्री फ्योदोरोविच. वाचकाला हा गोंधळ सोसून पुढे जाता येते. परंतु ज्याला रशियन भाषा बोलावयाची आहे, त्याची अशी सुटका होत नाही, कारण समोरच्या माणसाला हाक मारण्यापूर्वी या रूपांपैकी एकाची निवड त्याला करावीच लागते आणि त्या निवडीवरून त्याचा स्नेह, त्याचा अधिकार आणि त्याची समज या तिन्ही गोष्टींची परीक्षा ऐकणारा एका क्षणात करून मोकळा होतो.

या परीक्षेत विद्यार्थी दोन प्रकारांनी नापास होतात. काही जण भीतीपोटी सदैव पूर्ण नावच घेतात आणि जिवलग मैत्रिणीशीही कोर्टाचे समन्स बजावणाऱ्या बेलिफासारखे बोलतात. दुसरे, ज्यांना लडिवाळ प्रत्ययांची गोडी नुकतीच लागलेली असते, ते दिसेल त्या नावाला ‘एंका’ आणि ‘ओच्का’ लावीत सुटतात आणि पाळण्यातल्या मुलाशी बोलावे तसे बोलू लागतात. रशियनमध्ये अशा बोलण्याला ‘स्युस्युकात’ असे क्रियापद आहे, आणि ते स्तुतीसाठी वापरले जात नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या वर्गासाठी आहे. प्रत्यय कसा लावावा हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडते; तो केव्हा लावावा, कुणाला लावावा आणि केव्हा आवरता घ्यावा, हे मात्र तेथे क्वचितच सांगितलेले असते.

प्रथम एक मूलभूत गैरसमज दूर केला पाहिजे. मारीया हे पूर्ण नाव आणि माशा हे त्याचे संक्षिप्त रूप. पण माशा हे लाडाचे नाव आहे अशी जी आपली समजूत होते, ती बरोबर नाही. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत वडिलधाऱ्या बाईला मारीया इवानोव्हना, म्हणजे नाव आणि पितृनाम, असे संबोधून अहोजाहो करावयाचे. समवयस्क मैत्रिणीला, बहिणीला, शेजारच्या मेजावर काम करणाऱ्या बरोबरीच्या स्त्रीला माशा म्हणावयाचे. या माशामध्ये परिचय आहे, पण वात्सल्य नाही, लालन नाही. ते नेहमीच्या व्यवहारातले सपाट, भावरहित नाव आहे. भावनेचा प्रदेश त्याच्या पुढच्या पायरीपासून, माशेंका आणि माश्का यांच्यापासून सुरू होतो. म्हणून कुणाला माशा म्हटले म्हणजे आपण फार जवळीक दाखविली असे समजू नये, आणि माशा म्हणण्याइतकी ओळख झाली म्हणजे माशेंका म्हणण्याचा परवाना मिळाला असेही समजू नये.

ही तटस्थ पायरी प्रत्येक नावात एकाच उंचीवर नसते, आणि विद्यार्थ्याचा पाय बहुधा येथेच घसरतो. आंद्रेय, इगोर, ओलेग, व्हेरा, नीना या नावांना माशासारखे वेगळे सपाट संक्षिप्त रूप रूढ नाही. मित्रमंडळीतही त्यांचे पूर्ण नावच चालते. त्यामुळे आंद्रयुशा हे रूप दिसायला साशा किंवा माशा यांच्यासारखे असले तरी ते आधीच एक पायरी वर चढलेले आहे. त्यात आईचा, पत्नीचा, जुन्या मित्राचा स्वर ऐकू येतो. कचेरीत नव्याने भेटलेल्या आंद्रेयला पहिल्याच दिवशी आंद्रयुशा म्हणणारा परदेशी मनुष्य त्याच्या गालाला हात लावल्यासारखेच करीत असतो. उलट अलेक्सांद्र या नावाची साशा, सान्या, शुरा अशी अनेक संक्षिप्त रूपे आहेत. त्यांपैकी ज्या रूपाने तो मनुष्य लहानपणापासून ओळखला जातो, तेच त्याचे खरे घरगुती नाव होय. जो आयुष्यभर साशा म्हणून वाढला, त्याला आपण हौसेने शुरा म्हणू लागलो तर आपण लाड केला असे होत नाही. आपण दुसऱ्याच कुणाला हाक मारली असे होते. तेव्हा पहिला नियम असा की, समोरचा मनुष्य स्वतःची ओळख कोणत्या नावाने करून देतो आणि त्याचे बरोबरीचे लोक साध्या कामकाजात, ‘जरा ती खिडकी लाव’ अशा वाक्यात, त्याला काय म्हणतात हे आधी कान देऊन ऐकावे. ते त्याचे तटस्थ नाव. सगळी मोजदाद तेथून करावयाची.

आता प्रत्ययांकडे वळू. त्यांची संख्या मोठी आहे, परंतु नव्या अभ्यासकाने दोनच पक्के करावेत : ‘एंका’ आणि ‘ओच्का’, ज्याचे मृदू व्यंजनानंतर ‘एच्का’ होते. कोणता कोठे लागावा हे बहुतांशी तटस्थ नावाच्या शेवटच्या व्यंजनावरून ठरते. शेवटी श किंवा झ हा ऊष्म वर्ण असेल, अथवा त, द, ल यांचे मृदू उच्चार असतील, तर ‘एंका’ लागते : माशेंका, साशेंका, सेर्योझेंका, कातेंका, पेतेंका, नादेंका, कोलेंका. शेवटी कठोर व्यंजन असेल तर बहुधा ‘ओच्का’ : लेनोच्का, व्हेरोच्का, स्वेतोच्का, दीमोच्का. मृदू नकार असेल तर ‘एच्का’ : तानेच्का, वानेच्का, आनेच्का, सोनेच्का. एका नकारापुढे ताबडतोब दुसरा नकार आणणे जिभेला जड जाते, म्हणून येथे ‘एंका’ सहसा येत नाही. ओल्यासारख्या काही नावांना दोन्ही चालतात. ओलेंकाही आहे आणि ओलेच्काही.

या दोहोंच्या छटांत थोडा भेद आहे. रशियन नावांच्या भावार्थांचा सूक्ष्म विचार करणाऱ्या आन्ना वेर्झ्बित्स्का या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने असे दाखविले आहे की, ‘ओच्का’मध्ये लहानपणाची, छोटेपणाची चाहूल अधिक असते, तर ‘एंका’मध्ये छोटेपणाची कल्पना नसून केवळ मायेची ऊब असते. प्रौढ माणसाने प्रौढ माणसाला हाक मारताना पोरकटपणा टाळावयाचा असेल, तर ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अर्थात लेनाला लेनेंका करता येत नाही; तेथे लेनोच्काच म्हणावे लागते, आणि मग पोरकटपणा टाळण्याचे काम प्रत्ययाऐवजी प्रसंगाने आणि स्वराने करावे लागते.

उच्चाराची एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. या दोन्ही प्रत्ययांवर आघात येत नाही. तटस्थ नावात तो जेथे असतो तेथेच राहतो. माशाचा आघात ‘मा’वर, म्हणून माशेंकाचाही ‘मा’वर, त्यापुढचे सर्व भरभर आणि हलके उरकावयाचे. आपल्या कानाला अनुस्वारयुक्त ‘शें’ जड वाटतो म्हणून आपण त्यावर जोर देतो, आणि ते नाव रशियन माणसाला ओळखूही येत नाही. दुसरी चूक लिंगाची. कोलेंका, वानेच्का ही रूपे आकारान्त असली तरी पुरुषाचीच आहेत. त्यांची विभक्ती स्त्रीलिंगी शब्दांप्रमाणे चालते, पण विशेषण पुल्लिंगीच राहते. ‘माझा’ या अर्थी ‘मोय कोलेंका’ म्हणावयाचे. ‘मया कोलेंका’ म्हटले की हसू येते, आणि मायेच्या क्षणी हसू आले तर सगळाच डाव मोडतो.

तिसरा प्रत्यय, साधा ‘का’, विद्यार्थ्याने ओळखावा, पण वापरू नये, निदान प्रारंभी तरी नाही. माश्का, वान्का, कात्का, पेत्का ही रूपे व्याकरणाच्या दृष्टीने लघुत्वदर्शक आहेत; परंतु त्यांच्यामागे एक दीर्घ आणि फारसा सुखद नसलेला इतिहास आहे. मॉस्कोच्या त्सारांच्या अमदानीत दरबारात अर्ज गुदरणारा मनुष्य, मग तो साधा रयत असो की मोठा सरदार, आपले पूर्ण नाव लिहीत नसे. ‘इवाश्का’ अशा अर्धनावाने तो स्वतःला लहान करून घेई. पहिल्या पीटरने ३० डिसेंबर १७०१ रोजी हुकूम काढून ही चाल बंद केली आणि त्सारकडे व सरकारी दप्तरांत दाखल होणाऱ्या कागदांवर प्रत्येकाने आपले पूर्ण नाव लिहावे असे फर्माविले. कागदावरून अर्धनाव गेले, तरी बोलण्यातून गेले नाही. भूदास, नोकरचाकर, हरकामे यांच्या कपाळी ते पुढे दीडशे वर्षे राहिले, आणि बेलिन्स्कीने १८४७ साली गोगोलला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, माणसे स्वतःला नावाने न ओळखता अशा टोपणनावांनी ओळखतात, याबद्दल आपला संताप व्यक्त केला. चेखव्हने १८८६ साली मॉस्कोतल्या चांभाराकडे उमेदवारी करणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरक्या मुलाची कथा लिहिली, तेव्हा तिला ‘वान्का’ हे शीर्षक दिले. त्या एका प्रत्ययात मुलाचे सामाजिक स्थान सांगून झाले.

आज या प्रत्ययाचा अर्थ तितका कठोर उरलेला नाही. शाळकरी सोबती, भावंडे, जुने दोस्त एकमेकांना तो सर्रास लावतात, आणि त्यात भावविवशतेचा मुद्दाम केलेला अव्हेर असतो. ज्याला आपण मराठीत गण्या म्हणतो त्याला गणू म्हणणे जसे आपल्याला अवघड वाटते, तसाच प्रकार. परंतु ही सलगी एकत्र वाढण्यातून मिळते, आणि बाहेरून आलेल्याच्या तोंडी तोच प्रत्यय अवहेलना ठरतो. येथे एक अपवाद मात्र लक्षात घ्यावा, नाहीतर कान फसतो. ‘का’ जेव्हा तोडलेल्या आखूड नावाला थेट चिकटतो, तेव्हा तो रांगडा असतो. तोच जेव्हा पूर्ण नावाला किंवा आधीच लाडावलेल्या रूपाला लागतो, तेव्हा मवाळ होतो. ईराची ईर्का झाली तर ती खडसावणी; इरीनाची इरीन्का झाली तर ती माया. कात्का रांगडी, कात्युश्का लाडकी. आणि ओलेगला आखूड रूपच नसल्यामुळे ओलेझ्का हे त्याचे प्रेमाचेच नाव आहे.

एवढी सामग्री हाती आल्यावर एक उदाहरण सविस्तर पाहू. वैद्यकाच्या शिक्षणासाठी किंवा अन्य कारणाने रशियात राहणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याच्या वर्गात एकातेरीना नावाची मुलगी आहे अशी कल्पना करा. तिने स्वतःची ओळख कात्या म्हणून करून दिली. तेव्हा पहिल्या दिवसापासून कात्या आणि अरेतुरे, यात काहीही गैर नाही. काही महिन्यांनी मैत्री दृढ होते. आता नेहमीच्या बोलण्यात, म्हणजे वही मागताना, तास किती वाजता आहे हे विचारताना, ती कात्याच राहिली पाहिजे. पण ती तापाने अंथरुणाला खिळली आहे, आपण औषध घेऊन गेलो आहोत आणि निघताना तिला म्हणतो आहोत की, कातेंका, तू आता झोप, टिपणे मी उद्या आणून देतो. येथे ते रूप आपल्या जागी शोभते. कारण एक तर प्रसंग काळजीचा आहे, दुसरे म्हणजे ते एकदाच आले आहे, आणि तिसरे म्हणजे उरलेले वाक्य संपूर्णपणे प्रौढ आहे. सांत्वन, कृतज्ञता, आर्जव, वाढदिवसाच्या शुभेच्छा, दीर्घ विरहानंतरची भेट आणि पत्राचा मायना, हे या रूपाचे हक्काचे प्रसंग होत. आणि प्रसंग सरला की पुन्हा कात्या.

पण बोलणारा कोण, हेही पाहावे लागते. कात्याची मैत्रीण तिला कातेंका, कात्युशा, कात्युल्या असे काहीही म्हणू शकेल. स्त्रियांमध्ये ही मुभा बरीच सैल आहे. बोलणारा तरुण असेल, तर कातेंका हे रूप अनुनयाचे समजले जाण्याचा संभव राहतो, आणि तसा हेतू नसेल तर त्याने ते टाळावे हेच श्रेयस्कर. पुरुषांनी पुरुषांशी बोलताना तर हा प्रत्यय जवळजवळ वर्ज्यच समजावा. सेर्गेयला सेर्योझेंका म्हणण्याचा अधिकार त्याच्या आईचा, आजीचा, पत्नीचा. मित्र त्याला सेर्योझा म्हणतो, आणि माया अनावर झाली तर सेर्योगा म्हणून पाठीवर थाप मारतो. कोल्यान, दिमोन, सान्योक ही रूपे याच जातीची; पुरुषी स्नेह तेथे रांगडेपणाचा वेष घेऊन येतो. आणि कात्याच्या घरी गेल्यावर तिची आई भेटली, तर तिच्याशी नाव व पितृनाम आणि अहोजाहो यांवाचून दुसरा मार्ग नाही. लडिवाळ प्रत्यय वयाच्या आणि पदाच्या उताराने खाली वाहतात अथवा बरोबरीत राहतात, वर चढत नाहीत. पितृनामाच्या शेजारी तर लडिवाळ रूप बसतच नाही; माशेंका इवानोव्हना असे कुणी म्हटले तर ती थट्टाच होय.

खाली वाहणाऱ्या या प्रत्ययांत अपमानही वाहू शकतो. वरिष्ठ अधिकारी आपल्या हाताखालच्या सुशिक्षित, प्रौढ स्त्रीला चारचौघांत लेनोच्का म्हणतो, तेव्हा तो तिला मायेने वागवीत नसून तिचे पद कमी करीत असतो, असे अनेक रशियन स्त्रिया समजतात. दस्तयेव्हस्कीला हे भान पूर्ण होते. ‘करमाझव बंधूं’तील दोन प्रतिस्पर्धी स्त्रियांपैकी एक बहुतेक सर्वत्र कातेरीना इवानोव्हना या भारदस्त नावाने वावरते, आणि दुसरी, जिचे पूर्ण नाव अग्राफेना अलेक्सांद्रोव्हना आहे, ती साऱ्या गावात ग्रुशेंका म्हणून ओळखली जाते; गावाने त्या नावात जेवढे आकर्षण भरले आहे, तेवढाच अनादरही भरला आहे. कादंबरी वाचताना अभ्यासकाने समासात एवढेच टिपून ठेवावे की, कोणते रूप कोण, कुणाला, कोणत्या क्षणी उच्चारतो. पन्नास पृष्ठांत जे ज्ञान मिळेल ते प्रत्ययांची कोष्टके पाठ करून मिळणार नाही.

ज्याला प्रेम दाखवावयाचे आहे पण लाडिकपणाची धास्ती वाटते, त्याच्यासाठी आजच्या बोलभाषेत एक उत्तम तोड आहे, आणि ती प्रत्यय लावण्याची नसून अक्षर गाळण्याची आहे. आकारान्त तटस्थ नावाचा अंत्य स्वर सोडून द्यावयाचा : माशाचे ‘माश्’, लेनाचे ‘लेन्’, साशाचे ‘साश्’, सेर्योझाचे ‘सेर्योझ्’, आणि कात्याचे मृदू तकारावर थांबणारे ‘कात्’. हे रूप केवळ हाक मारतानाच वापरता येते. कुणाविषयी बोलताना नाही. ते अरेतुरेच्या नात्यातच शोभते, औपचारिक लिखाणात येत नाही, आणि इगोर किंवा ओलेग यांसारख्या व्यंजनान्त नावांना लागू पडत नाही. परंतु त्याच्या मर्यादेत ते फार गुणी आहे. त्यात जवळीक आहे, लहानपण नाही. स्त्रीने पुरुषाला, पुरुषाने पुरुषाला, नवऱ्याने बायकोला, कुणीही ते निर्धास्त उच्चारावे. ‘माश्, ऐक ना’ या धर्तीच्या वाक्यात जी घरगुती ऊब आहे, ती प्रौढांच्या रोजच्या स्नेहाची ऊब आहे, आणि आपला तरुण वर्गमित्र कातेंका म्हणावे की नाही या विवंचनेत असेल, तर त्याने खुशाल ‘कात्’ म्हणावे.

पोरकटपणा बहुधा नावातून येतच नाही, तो नावाभोवतीच्या वाक्यातून येतो, हेही सांगितले पाहिजे. रशियनमध्ये लघुत्वदर्शक प्रत्यय सामान्य नामांनाही लागतात; सूपाचे ‘सूपचिक’ होते, पाण्याचे ‘वदीच्का’, पावाचे ‘ख्लेबुशेक’. कातेंकाला एकाच वाक्यात छोटेसे सूप, थोडेसे पाणी आणि इवलासा पाव असे सर्व लाडिक रूपांत वाढले, की ऐकणाऱ्याला बालवाडीची आठवण झालीच म्हणून समजा. म्हणून एका वाक्यात एकच लाडिक शब्द, आणि तो नावात असेल तर नामे सर्व साधी, हा दंडक पाळावा. स्वतःच्या नावाला तर लडिवाळ प्रत्यय कधीच लावू नये; प्रौढ स्त्री आपली ओळख माशेंका म्हणून करून देत नाही.

चूक झाली हे कसे ओळखावे? समोरची व्यक्ती हसून ‘प्रोस्ता कात्या’, म्हणजे नुसती कात्या, असे म्हणेल; किंवा काही न बोलता उत्तरात आपले पूर्ण नाव घेऊ लागेल; किंवा आपल्याशी मुद्दाम बालस्वरात बोलून थट्टा करील. अशा वेळी क्षमायाचनेचे व्याख्यान देऊ नये; पुढच्याच वाक्यात तटस्थ नावावर यावे, म्हणजे प्रकरण तेथेच मिटते. आणि परवानगी मिळाली हे कसे ओळखावे? तिचे चिन्ह स्पष्ट आहे. रशियन स्नेही आपल्या नावालाही हेच प्रत्यय लावतात. मीरा नावाच्या मराठी मुलीची मीरोच्का आणि लीलेची लीलोच्का होण्यास त्यांच्या भाषेची काहीच हरकत नसते. ज्या दिवशी समोरच्या माणसाने आपल्या नावाला असा प्रत्यय आपण होऊन लावला, त्या दिवसापासून त्याच्या नावाला, त्याच तोलाचा, तो लावण्यास आपण मोकळे झालो. तोवर, विशेषतः पहिल्या वर्षात, तटस्थ नाव आणि अंत्य स्वर गाळलेली हाक या दोहोंवरच काम भागवावे. तेवढ्याने भागत नाही असा प्रसंग क्वचितच येतो.